घरातली प्रसिद्ध व्यक्ती गेल्यावर कुटुंबाचं छोटं निवेदन कसं लिहावं

प्रश्न: आमच्या घरातली एक बरीच प्रसिद्ध व्यक्ती काल गेली. बाहेर कॅमेरे आहेत, फोन थांबत नाहीयेत. घरच्यांनी निवेदन लिहायचं काम माझ्यावर टाकलंय. लोकांचे आभार मानायचेत आणि आता आम्हाला थोडं एकटं राहू द्या असंही सांगायचंय, पण उद्धट वाटायला नको. काय लिहू, किती लिहू? आणि मृत्यूचं कारण सांगावंच लागतं का?

उत्तर:

आधी मनापासून सांत्वन. अशा वेळी लिहायला बसणं किती जड जातं ते मी बघितलंय. मी बरीच वर्षं कलाकारांसाठी जनसंपर्काचं काम करते आणि त्यात हा प्रसंग अनेक घरांमध्ये वाट्याला आलाय, त्यामुळे थेट कामाचं तेवढं सांगते.

निवेदन लिहायच्या आधी एक यादी करा, ही बातमी कोणाला तुमच्या तोंडून कळायलाच हवी त्याची. परदेशात असलेला भाऊ, होस्टेलवरची मुलगी, जुना जिवलग मित्र, रोज सोबत असणारा ड्रायव्हर किंवा मदतनीस, अशी माणसं. या सगळ्यांना फोन झाल्याशिवाय निवेदन बाहेर जाऊ देऊ नका. २६ जानेवारी २०२० ला अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट हेलिकॉप्टर अपघातात गेला तेव्हा सगळ्या मृतांच्या घरी कळवून व्हायच्या आत बातमी वेबसाइटवर आली होती, तिथल्या शेरीफनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, कारण आपलं माणूस गेलं हे कोणालाही मोबाइलच्या नोटिफिकेशनवरून कळू नये. पण या यादीसाठी वेळ थोडाच मिळतो, एकदोन तास, फार तर तीन, कारण हॉस्पिटलमधून बातमी झिरपतेच. मध्येच बातमी फुटली तर पूर्ण निवेदनाची वाट बघू नका, "हो, ही बातमी खरी आहे, कुटुंबाकडून सविस्तर निवेदन आज संध्याकाळी येईल" एवढी एक ओळ टाका. या ओळीने कॅमेरे जात नाहीत, पण "कन्फर्म करा, कन्फर्म करा" असे येणारे फोन निम्म्याने तरी कमी होतात.

आता लांबी. सहा ते दहा वाक्यं पुष्कळ झाली. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी गेला तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच्या अधिकृत पानावर जे आलं ते फक्त दोन वाक्यांचं होतं. पहिल्यात तारीख, तो आज शांतपणे गेला, घरचे जवळ होते, अठरा महिने कॅन्सरशी झुंज चालू होती एवढं, आणि दुसऱ्यात हे दुःख तुमच्यापैकी अनेकांचंही असेल पण या काळात कुटुंबाचा खासगीपणा जपा असं. कुठला कॅन्सर, कुठल्या हॉस्पिटलचे उपचार, शेवटचे दिवस कसे गेले, यातलं काहीच नाही. तरी ते निवेदन तुटक वाटत नाही, कारण लोकांच्या मनात जो पहिला प्रश्न येणार होता, असं अचानक कसं काय, त्याचं उत्तर पहिल्याच वाक्यात दिलेलं आहे.

म्हणजे कारण सांगावंच लागतं का, तर नाही, कुटुंबाच्या निवेदनात ते सांगायची सक्ती नसते. पण न सांगण्याचा परिणाम काय होतो तो माहीत असू द्या. माझ्या अनुभवात कारणाबद्दल तीन रस्ते असतात आणि तिन्ही चालतात. पहिला, नेमकं सांगून टाकणं. हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोसमनच्या घरच्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये तेच केलं, २०१६ मध्ये आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं, तेव्हा तिसरी स्टेज होती, मग चौथीपर्यंत गेला, हे सगळं लिहिलं. त्याने आजार जगापासून लपवलेला होता, त्यामुळे एवढं सांगितलं नसतं तर पुढचे कित्येक दिवस तर्ककुतर्क चालले असते. दुसरा रस्ता, अर्धं सांगणं, "बरेच महिने आजारी होते" किंवा "हृदयाचा त्रास होता" असं. बहुतेक घरांना हाच सोयीचा पडतो. तिसरा, अजिबात न सांगणं. हा घ्यायचा तर सरळ लिहा की मृत्यूच्या कारणाबद्दल कुटुंब बोलू इच्छित नाही. जागा रिकामी सोडली की लोक ती आपापल्या परीने भरतात, पण तुम्ही स्वतःहून दार लावलंय असं दिसलं की निदान जबाबदार पत्रकार तरी तिथे थांबतो.

चौथा रस्ता म्हणजे खोटं, आणि तो घेऊच नका, कितीही चांगल्या हेतूने वाटलं तरी. मृत्यूचा दाखला असतो, हॉस्पिटलचा कागद असतो, काही वेळा पोस्टमॉर्टेम असतं. चार दिवसांनी खरं बाहेर आलं की पहिलं निवेदन खोटं ठरतं आणि मग तुमच्या खासगीपणाच्या विनंतीलाही कोणी किंमत देत नाही. मृत्यू आत्महत्येने झाला असेल किंवा पोलिस चौकशी चालू असेल तर आणखी जपून. कशाने, कुठे, चिठ्ठी होती का, यातलं एक अक्षरही लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांमध्येही पद्धत आणि जागेचा तपशील टाळा असंच सांगितलंय, कारण तो वाचून दुसऱ्या कोणाला धोका होऊ शकतो. चौकशी चालू आहे, आम्ही सहकार्य करतोय, इतकंच पुरे.

आता विनंतीच्या वाक्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. "आमच्या खासगीपणाचा आदर करावा" हे वाक्य जवळपास प्रत्येक निवेदनात असतं आणि एकटं असलं की त्याने फारसं काही होत नाही. बाहेर उभा असलेला रिपोर्टर वाईट माणूस नसतो हो, त्याला ऑफिसमधून सांगितलेलं असतं की तिथून हलू नकोस. त्याला परत फोन करून ऑफिसला काहीतरी ठोस सांगता आलं पाहिजे. आज इथे कोणी बोलणार नाहीये, अंत्यविधी खासगी आहेत, पुढची माहिती अमुक दिवशी अमुक ठिकाणी येणार आहे, हे तुमच्या निवेदनात लिहिलेलं असलं तर तो हे सांगू शकतो आणि त्याचा संपादक त्याला परत बोलावू शकतो. म्हणून विनंतीत काय नको ते नावानिशी लिहायचं, घराबाहेर थांबणं, मुलांचे फोटो, नातेवाइकांना फोन. आणि त्यासोबत काय मिळेल तेही लिहायचं, एक संपर्क आणि पुढच्या माहितीची वेळ.

याला आणखी एक बाजू आहे. माध्यमांच्या आचारसंहितांमध्ये दुःखात असलेल्यांशी कसं वागावं ते लिहिलेलं असतं. ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या इप्सो या संस्थेच्या संपादक संहितेत शोकात घुसखोरी करण्याबद्दल वेगळं कलम आहे, आणि छळाच्या कलमात असंही आहे की एकदा थांबायला सांगितल्यावर प्रश्न विचारत राहणं, फोन करत राहणं, मागे लागून फोटो काढणं चालणार नाही. यातलं "सांगितल्यावर" महत्त्वाचं, म्हणजे तुम्ही आधी स्पष्ट सांगितलेलं हवं. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तुमच्या निवेदनातलं ते ठोस वाक्य दाखवता येतं. अर्थात निवेदन म्हणजे कोर्टाचा आदेश नाही, सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याने हटवता येत नाही, आणि कुठल्याही संहितेत न बसणारे यूट्यूबवाले तर ते वाचतही नाहीत. तिथे बिल्डिंगचा दरवाजा, सोसायटीचा वॉचमन आणि गरज पडली तर पोलिस, हेच उपाय.

एक उदाहरण पूर्ण सांगते, म्हणजे हे सगळं कागदावर कसं उतरतं ते दिसेल. घर कोणाचं ते सांगत नाही, तपशीलही ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे बदललेत. एक ज्येष्ठ अभिनेते गेले. मुलाने रात्रीच मसुदा लिहून ठेवला होता, मोठा होता, त्याचा गाभा असा:

"लाखो रसिकांच्या हृदयावर अधिराज्य गाजवणारे आमचे पिताश्री यांचे काल अचानक दुःखद निधन झाले. ते अगदी ठणठणीत होते. या प्रसंगी आम्हाला धीर देणाऱ्या खालील मान्यवरांचे आम्ही ऋणी आहोत. माध्यमांनी कृपया अफवा पसरवू नयेत आणि आमच्या खासगीपणाचा आदर करावा."

खाली सतरा-अठरा नावं होती.

मुलाने मनापासून लिहिलं होतं, त्यात वाद नाही. पण त्यांच्यावर दोन वर्षं हृदयविकाराचे उपचार चालू होते आणि हॉस्पिटलला, स्टाफला, औषधाच्या दुकानदाराला हे माहीत होतं. "अचानक" आणि "ठणठणीत" वाचल्यावर प्रत्येक रिपोर्टर विचारणार की मग झालं तरी काय, आणि दोन तासांत कोणीतरी जुने रिपोर्ट बाहेर काढणार. त्यांच्या पत्नीला मात्र ठणठणीत हा शब्द हवाच होता, कारण आजारपण लोकांना दिसू द्यायचं नाही हा त्यांचा स्वभाव होता. मी त्यांना म्हटलं, काकू, आजाराबद्दल एकच ओळ लिहू, बाकी काही नाही, ती एक ओळ दिली की पुढचं कोणी विचारणार नाही. थोडा वेळ गेला पण त्यांना पटलं.

अफवांचं वाक्यही काढलं. तोवर कुठलीच अफवा नव्हती, पण कुटुंबानेच "अफवा" म्हटलं की वाचणारा लगेच शोधायला लागतो, कसली अफवा. आणि नावांची यादी काढणं सगळ्यात अवघड गेलं, कारण ती माणसं खरंच रात्रभर सोबत होती. पण सतरा नावं लिहिली की अठरावा दुखावतो, शिवाय बातमीत तेवढीच नावं उचलली जातात आणि गेलेला माणूस मागे पडतो. मुलीने ठरवलं की त्या सगळ्यांना ती स्वतः दोनतीन दिवसांत फोन करेल, आणि तिने केले. शेवटी बाहेर गेलं ते हे:

"आमचे बाबा (इथे पूर्ण नाव) मंगळवारी रात्री साडेदहाच्या सुमारास हॉस्पिटलमध्ये गेले. गेली दोन वर्षं त्यांच्यावर हृदयविकाराचे उपचार चालू होते. शेवटी आम्ही सगळे त्यांच्याजवळ होतो.

त्यांची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांचे, नर्सेसचे आणि कर्मचाऱ्यांचे, आणि कालपासून ज्यांनी ज्यांनी निरोप पाठवले त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता प्रत्येकाला उत्तर देणं जमणार नाही, पण निरोप आम्ही वाचतोय.

अंत्यविधी फक्त कुटुंबीयांच्या उपस्थितीत होतील. बाबांच्या चाहत्यांसाठी पुढच्या महिन्यात श्रद्धांजली सभा ठेवू, तारीख याच पानावर कळवू. तोपर्यंत आम्ही कोणीही मुलाखत देणार नाही. कृपया घराबाहेर थांबू नये आणि नातवंडांचे फोटो काढू किंवा दाखवू नयेत. माध्यमांनी फक्त बाबांच्या ऑफिसशी संपर्क साधावा.

पत्नी, मुलगा, मुलगी"

बघा, यात कौतुकाचा एकही शब्द नाही. ते किती मोठे होते ते बाकीचे सगळे लिहिणारच होते, घरच्यांनी ते सांगायची गरज नव्हती. "निरोप आम्ही वाचतोय" हे मुलीचं वाक्य, आणि लोकांनी सगळ्यात जास्त तेच उचललं, कारण मेसेज करणाऱ्याला आपला मेसेज पोचला एवढंच हवं असतं. चाहत्यांच्या सभेचं वाक्य मुद्दाम विनंतीच्या आधी घातलं. अंत्यविधीला येऊ नका एवढंच सांगितलं तर प्रेम करणाऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवल्यासारखं होतं, त्याला नंतरची जागा दिली की तो थांबतो. स्टीफन हॉकिंग गेले तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, असंच झालं होतं. मुलांचं निवेदन छोटं, केंब्रिजमधले अंत्यसंस्कार निमंत्रितांपुरते, पण त्यांच्या कॉलेजमध्ये शोकपुस्तिका ठेवली होती आणि जूनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत सभा झाली तिथे सामान्य लोकांसाठी सोडतीने जागा ठेवल्या होत्या. सभा वगैरे शक्य नसेल तर एखादा निधी किंवा मेसेज पाठवायचा ईमेल चालतो. कोबीच्या पत्नीने तिसऱ्या दिवशी लिहिलेल्या पोस्टमध्ये आभार आणि खासगीपणाची विनंती होतीच, आणि अपघातातल्या बाकी कुटुंबांसाठीच्या निधीची माहितीही होती.

या घरी पुढे काय झालं तेही सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनतीन सोडून बाकी कॅमेरे गेले. एका पोर्टलने नातीचा फोटो टाकला, ऑफिसमधल्या माणसाने संपादकाला फोन करून निवेदनातलं ते वाक्य वाचून दाखवलं आणि फोटो उतरवला गेला. भांडण नाही, धमकी नाही. त्रास झाला तो घरातूनच. एका लांबच्या भाच्याने टीव्हीला बाइट दिला, शेवटच्या रात्रीबद्दल, आणि लगेच बाकीचे चॅनेल म्हणायला लागले की त्यांना दिलं मग आम्हाला का नाही. त्यात त्यांची काही चूक नव्हती, कुटुंब बोलत नाहीये या शब्दाला घरातलाच एक जण फुटला की तो शब्द उरत नाही. म्हणून निवेदन टाकायच्या आधी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ते पाठवा आणि स्पष्ट लिहा, कोणी विचारलं तर हेच पाठवायचं, यापलीकडे एक वाक्य नाही, स्टेटसवर हॉस्पिटलचे फोटो नाहीत. लहान मुलांचे इन्स्टाग्राम प्रायव्हेट करा, रिपोर्टर तिथूनच फोटो उचलतात.

हॉस्पिटलचंही तसंच. त्यांना वेगळं बुलेटिन काढायचं असेल तर तुमचा आणि त्यांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचा, वेळ आणि कारण दोन्हीकडे एकच हवं. तुमच्या निवेदनात साडेदहा आणि त्यांच्यात पावणेअकरा असलं तरी त्याची बातमी होते. यापलीकडे काही सांगू नका असं त्यांना लेखी कळवा.

टाकायचं कुठे, तर एकाच ठिकाणी, जे अकाउंट लोक आधीपासून ओळखतात तिथे, आणि तोच मजकूर शब्दही न बदलता वृत्तसंस्थांना. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेलं नुसतं चित्र टाकू नका, मजकूरही टाका. चित्रातला मजकूर कॉपी करताना लोक चुका करतात, अंध वाचकाला तो ऐकू येत नाही, आणि तसली पाटी बनवून कोणीही खोटं निवेदन फिरवू शकतं. खोटं फिरलंच तर वाद न घालता मूळ पोस्टची लिंक द्या. आणखी एक गोष्ट जी हमखास विसरली जाते, गेलेल्या व्यक्तीच्या अकाउंटवर आधीच शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्ट आणि जाहिराती. त्या आज आत्ता बंद करा. निवेदनानंतर दोन तासांनी त्याच पानावर त्यांचा हसरा चेहरा घेऊन एखाद्या साबणाची जाहिरात आली तर घरच्यांना काय वाटेल याचा विचार करा.

दुसरं निवेदन शक्यतो नको. प्रत्येक नवं निवेदन म्हणजे नवी बातमी. पहिल्यात कुठे भोक राहिलंय का ते ओळखायची सोपी खूण अशी की वेगवेगळे तीन पत्रकार एकच प्रश्न विचारायला लागतात. तेव्हा उत्तर संपर्कातल्या माणसाने एका ओळीत द्यावं, कुटुंबाने नाही. नवी आणि खरी माहिती आली आणि न सांगितल्याने त्या माणसाबद्दल गैरसमज होत असेल तरच दुसरं काढा. हॉलिवूडचा विनोदी अभिनेता रॉबिन विल्यम्सच्या पत्नीने ऑगस्ट २०१४ मध्ये पहिल्या दिवशी छोटं निवेदन दिलं, लोकांनी त्याचा मृत्यू नाही तर त्याने दिलेलं हसू लक्षात ठेवावं अशा अर्थाचं. तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा लिहावं लागलं, त्यात तो दारूपासून दूरच होता आणि पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या टप्प्यात होता हे सांगितलं. तोवर लोक भलतेच अंदाज बांधत होते, त्यामुळे ते दुसरं निवेदन योग्यच होतं असं मला वाटतं.

उद्धट वाटेल ही जी भीती तुम्हाला आहे ना, त्याबद्दल एवढंच, आभार आधी आणि खरे ठेवा, मग विनंती "नको" मध्ये असली तरी टोचत नाही. माफी मागू नका, "गैरसोयीबद्दल क्षमस्व" वगैरे तर अजिबात नको, तुमच्या घरी माणूस गेलंय. लिहून झालं की घरातल्या सगळ्यात जवळच्या व्यक्तीला, म्हणजे जोडीदार किंवा आईवडील असतील तर त्यांना, मोठ्याने वाचून दाखवा. ज्या वाक्याला त्या अडखळतील किंवा "हे नको" म्हणतील ते काढा, मग ते कितीही चांगलं जमलेलं असो. आणि संपर्क म्हणून स्वतःचा नंबर देऊ नका. तुम्हीही घरातलेच आहात, तुम्हालाही आज रडायला वेळ हवाय. ऑफिसमधलं कोणी, मॅनेजर, नाहीतर शांत डोक्याचा एखादा मित्र शोधा, त्याच्यासाठी एक वेगळं सिमकार्ड घ्या आणि निवेदनाचा मजकूर त्या फोनमध्ये ठेवून द्या, म्हणजे विचारणाऱ्याला तो तिथूनच पाठवता येईल.